फोनवरचा शब्द आणि त्याच दिवसाची चिठ्ठी

22 जुलै 1959 रोजी अहमदाबादची एक व्यापारी पेढी आणि विदर्भातील खामगावची एक जिनिंग व तेल गिरणी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा ठरला. माल मिळाला नाही, असे म्हणत अहमदाबादच्या पेढीने 31,150 रुपयांचा दावा आपल्या शहरातील न्यायालयात लावला. खामगावकरांचे म्हणणे असे, की मागणी अहमदाबादहून आली, होकार खामगावात दिला गेला आणि माल व पैसे यांची देवघेवही खामगावातच व्हायची होती. मग दावा अहमदाबादेत कसा? उलट पेढीचे म्हणणे असे, की विकण्याचा प्रस्ताव खामगावचा होता आणि माल अहमदाबादेत पोहोचवायचा होता.

संभाषण एकच, पण त्याचे दोन अर्थ झाले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 30 ऑगस्ट 1965 रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला: फोनवरचा करार जेथे होकार ऐकला जातो तेथे पूर्ण होतो, म्हणून अहमदाबादचे न्यायालय दावा चालवू शकते. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. सहा वर्षांनंतर उत्तर मिळाले ते केवळ एवढ्याच प्रश्नाचे, की दावा कोणत्या गावी चालावा.

या निकालातून व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करार सामान्यतः वैध असतो. फोनवर दिला म्हणून शब्द कच्चा ठरत नाही. कच्चा असतो तो त्या शब्दाचा पुरावा. मालाच्या सौद्यात दलालाची सौदा चिठ्ठी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. गोदामाच्या किंवा दुकानाच्या मालकाशी फोनवर जे ठरते, त्याला मात्र कोणताही दलाल साक्षी नसतो.

कळमन्याजवळ गोदाम भाड्याने घेतलेल्या एका डाळ व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. मालक पुण्यास राहतात आणि दोन्ही घरांचा जुना स्नेह आहे. मे महिन्याच्या अखेरीस छपराचे पत्रे गळके असल्याचे लक्षात आले. पावसाळा तोंडावर होता आणि आत तुरीच्या डाळीची पोती होती. व्यापाऱ्याने फोन केला. मालक म्हणाले, "करून घ्या, अर्धा खर्च माझा, भाड्यात वळता करा." भाडे दरमहा 30,000 रुपये होते आणि मिस्त्रीने खर्चाचा अंदाज 40,000 रुपये सांगितला होता. प्रत्यक्षात खर्च 46,000 रुपये झाला. व्यापाऱ्याने जुलैच्या भाड्यातून एकदम 23,000 रुपये वजा केले आणि 7,000 रुपये पाठवले.

येथून दोन आठवणी वेगळ्या झाल्या. मालकाच्या मनात अर्धा खर्च म्हणजे अंदाजाचा अर्धा, अर्थात 20,000 रुपये, आणि तोही थोडा थोडा करून. व्यापाऱ्याच्या मनात अर्धा म्हणजे बिलाचा अर्धा, तोही लगेच. कोणीच खोटे बोलत नव्हते. परंतु मालकाच्या वहीत 23,000 रुपये थकीत भाडे म्हणून दिसू लागले. थकबाकी हे जागा खाली करून मागण्याचे कारण होऊ शकते, हे प्रत्येक भाडेकरू जाणतो. फोनच्या नोंदीत बोलणे किती वाजता आणि किती मिनिटे झाले एवढेच होते. काय ठरले ते नव्हते.

हा वाद टाळण्यास पाच ओळींचा संदेश पुरेसा होता. फोन ठेवल्यावर त्याच दिवशी, मिस्त्रीला होकार देण्यापूर्वी, तो पुढीलप्रमाणे जावयास हवा होता:

"भाऊसाहेब, सादर जय जिनेंद्र. आज 28 मे रोजी सकाळी 11 वाजता कळमना गोदामाविषयी आपले बोलणे झाले. ठरले ते असे: छपराची दुरुस्ती मी करून घेईन. अंदाजे खर्च 40,000 रुपये. त्यातील निम्मा, परंतु 20,000 रुपयांपेक्षा अधिक नाही, आपला. ही रक्कम जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांच्या भाड्यातून दरमहा 5,000 रुपये वजा होईल. खर्च वाढल्यास आधी आपणास विचारीन. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कळवावे. बरोबर असल्यास 'मान्य' एवढे लिहावे, म्हणजे काम सुरू करतो."

या संदेशाचे बळ त्यातील नेमकेपणात आहे. "अर्धा" या शब्दाला आकडा मिळाला, "वळता करा" याला महिने मिळाले आणि खर्च वाढल्यास काय, हा फोनवर न निघालेला प्रश्नही आधीच सुटला. कमाल मर्यादा मालकास मान्य नसेल, तर ते त्याच दिवशी सांगतील. ती दुरुस्ती बिल आल्यानंतरच्या भांडणापेक्षा स्वस्त पडते. भाषा मात्र आठवण देणारी असावी, आरोप करणारी नव्हे. "आपण कबूल केले होते" यापेक्षा "माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे" हे वाक्य स्नेहही राखते आणि उत्तरही मागते.

उत्तर न आल्यास काय? निळ्या खुणा संदेश उघडला गेल्याचे सांगतात, मान्यतेचे नव्हे. मौन म्हणजे संमती, ही म्हण करारात सहसा चालत नाही. आपलाच संदेश आपल्या बाजूचा पूर्ण पुरावा होत नाही. बोलण्यानंतर लगेच केलेली नोंद म्हणून त्याला काही वजन असते, इतकेच. म्हणून पुन्हा फोन करून उत्तर मागावे. तेही न आल्यास मालकाच्या वर्तनातून मान्यता दिसेल असे पाहावे. जुलैचे 25,000 रुपये बँकेतून पाठवताना शेऱ्यात "जुलै भाडे 30,000 वजा दुरुस्ती 5,000" असे लिहावे आणि तशीच पावती मागावी. मालकांनी तशी पावती दिली, की अर्धी शंका मिटते.

दोन दक्षता आणखी. बोलणे मालकाच्या मुलाशी झाले असेल किंवा करारनाम्यावर दोन भावांची नावे असतील, तर संदेश करारनाम्यावरील प्रत्येक मालकाच्या क्रमांकावर जावा. आणि संभाषण पुसू नये. आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय बंद असावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असे संदेश विहित प्रमाणपत्रासह न्यायालयात दाखल करता येतात. पण त्यासाठी ते मुळात जपलेले असले पाहिजेत.

या चिठ्ठीची मर्यादाही ओळखावी. छपराची दुरुस्ती, रंगकाम, किल्ली देण्याची तारीख यांसाठी संदेश पुरतो. भाड्याची मुदत वाढवणे किंवा भाडेच बदलणे, यासाठी तो पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. तसा करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे अशा बाबतीत कागद करून घेण्यात मालकाचेच अधिक हित आहे, आणि हे त्यांना नम्रपणे सांगता येते.

डाळ व्यापाऱ्याच्या प्रकरणात शेवटी दोघांच्या घरचे वडीलधारे एकत्र बसले. रक्कम 20,000 ठरली आणि उरलेले 3,000 रुपये व्यापाऱ्याने भाड्यात भरले. पैशाने वाद मिटला. परंतु त्यानंतरचे पहिले काही फोन पूर्वीपेक्षा थोडक्यात संपले.