शीर्षकात हिशेब द्या, हमी नको

गुंतवणुकीवर मराठीत व्हिडिओ करणाऱ्यांशी बोलताना एक मत हटकून ऐकू येतं. शीर्षकात ‘गॅरंटी’, ‘डबल’, ‘करोडपती’ यांपैकी काही तरी हवंच, नाही तर व्हिडिओ कोणी शोधत नाही. तळाला ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’ अशी ओळ टाकली की झालं, अशी जोडही त्याला दिली जाते. या मताचे दोन्ही भाग मला चुकीचे वाटतात, आणि ते खोडून काढायला नीतीचं व्याख्यान लागत नाही. यूट्यूबचा शोध कसा चालतो आणि चक्रवाढीचं गणित काय सांगतं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

एक नेहमीचाच विषय घेऊ: दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी, २० वर्षं. प्रचलित पद्धतीचं शीर्षक असं असतं: ‘₹5000 SIP मधून ₹50 लाख गॅरंटीड!’ हा आकडा हवेतला नाही. वर्षाला १२ टक्के परतावा धरून महिन्याच्या सुरुवातीला हप्ता भरत गेलं, तर २० वर्षांनी सुमारे ४९ लाख ९६ हजार होतात. गडबड आहे ती ‘धरून’ या शब्दात, आणि नेमका तोच शीर्षकातून गळतो. १० टक्के धरले तर रक्कम सुमारे ३८ लाख २८ हजार होते. ८ टक्के धरले तर २९ लाख ६५ हजारांच्या आसपास. तिन्ही वेळा खिशातून गेलेले पैसे १२ लाखच. दर चार टक्क्यांनी इकडचा तिकडे झाला की वीस लाखांचा फरक पडतो, आणि इक्विटी फंडाचा पुढच्या २० वर्षांचा दर सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यात महागाई सरासरी ६ टक्के राहिली, तर त्या पन्नास लाखांची किंमत आजच्या साडेपंधरा लाखांएवढीच भरते.

आता शोधाकडे येऊ. मोबाइल हातात घेतलेला माणूस शोधपट्टीत आपली अडचण लिहितो, आणि बहुतेकदा त्या अडचणीत आकडा असतो. sip 5000 per month 20 years, sip mhanje kay, एसआयपी बंद केली तर काय होतं. यूट्यूब ही अक्षरं शीर्षकाशी, वर्णनाशी आणि व्हिडिओत प्रत्यक्ष काय आहे त्याच्याशी ताडून पाहतं. त्याच शोधातून आलेले लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात, हेही त्याच्या हिशेबात असतं. ‘गॅरंटीड’ वाचून आलेला प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला ‘आपण १२ टक्के धरले आहेत’ हे ऐकतो आणि उठून जातो. स्टुडिओतल्या आलेखावर ती घसरण डोळ्यांना दिसते. क्लिक मिळतं, पण त्या शोधासाठीचं स्थान घसरतं.

मग लिहायचं काय? ज्या प्रश्नासाठी माणूस आला तोच शीर्षकात लिहावा, आणि वचन उत्तर काढून दाखवण्याचं द्यावं: ‘दरमहा 5000 ची SIP, 20 वर्षं: हाती किती? 8, 10, 12% चा हिशेब’. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं, पण मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटतं. म्हणून रक्कम, ‘SIP’ आणि मुदत सुरुवातीला, हिशेबाचा तपशील मागे. तीन दर शेजारी शेजारी आले की ही धरलेली गोष्ट आहे, हे वेगळा खुलासा न करता कळतं. कुतूहलही वाढतं, कारण ८ आणि १२ यांत एवढा फरक कसा, हे जाणून घ्यावंसं वाटतं.

वर्णनाला ५,००० अक्षरांची मुभा आहे. मात्र ‘आणखी’ वर बोट न लावता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. खुलासा तळाला टाकून हात झटकणाऱ्यांचा मुद्दा इथेच कोसळतो. शीर्षक हजारांनी वाचलं जातं आणि चाळिसावी ओळ जवळपास कोणीच वाचत नाही. त्यामुळे मर्यादा वरच यायला हवी. मी त्या ओळी अशा लिहीन:

‘दरमहा ₹5000 ची SIP 20 वर्षं केली तर 8, 10 आणि 12 टक्के दराने किती रक्कम होते, ते या व्हिडिओत काढून दाखवलं आहे. हे दर धरलेले आहेत. प्रत्यक्ष परतावा कमी-जास्त होऊ शकतो, मुद्दलही घटू शकतं.’

पहिल्या वाक्यात शोधातले सगळे शब्द आले, दुसऱ्यात खरी स्थिती आली. त्याखाली महागाई आणि कर हिशेबात धरलेत की नाही, आणि आपण सेबीकडे नोंदणीकृत सल्लागार आहोत की नाही, हे साध्या भाषेत सांगावं. मग प्रकरणांच्या वेळा. पहिली 00:00 असावी लागते, किमान तीन नोंदी लागतात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. ‘हप्ता चुकला तर’, ‘महागाई वजा करून किती’ अशी प्रकरणांची नावं स्वतःच शोधात उपयोगी पडतात. रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एखादं वाक्य जरूर घालावं. पण शोधशब्दांचा ढिगारा ओतू नये, ते यूट्यूबच्याच नियमात बसत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. लोक खरोखरच ‘गॅरंटीड रिटर्न’ असं शोधतात. निवृत्तीला आलेला माणूस शोधणारच. त्याला वाऱ्यावर का सोडायचं? सोडू नये. त्याच्यासाठी वेगळा व्हिडिओ करावा: ‘हमी नक्की कुठे असते? FD, PPF आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना’. इथे हा शब्द आपल्या जागी आहे, कारण त्याची हद्द सांगता येते. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. ज्येष्ठांच्या योजनेत पैसे भरताना जो दर असतो तोच पाच वर्षं राहतो. पीपीएफला सरकारचं पाठबळ आहे, पण दर सरकार दर तिमाहीला ठरवतं आणि तो बदलू शकतो. शोधशब्द तोच, उत्तर खरं, आणि एसआयपीचा त्यात संबंध नाही.

उलट टोकाला जाणाऱ्यांशीही माझं पटत नाही. नियमांच्या धास्तीने ‘आर्थिक नियोजन: काही विचार’ असं शीर्षक देणारे प्रामाणिक असतात, पण हे शब्द शोधपट्टीत कोण लिहिणार? नियम तेवढं मागतही नाहीत. परताव्याचे दावे करणाऱ्या किंवा नोंदणीशिवाय सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवायला सेबीने २०२४ मध्ये आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी स्पष्ट केलं की निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा आधार घेऊन शेअरच्या भावाबद्दल बोलू नये. चक्रवाढीचा हिशेब शिकवायला यातलं काहीच आडवं येत नाही. आडवं येतं ते ‘हा शेअर घ्या’.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या झाकायचं कारण नाही. होम पानावर ‘गॅरंटीड’ पहिल्या दोन दिवसांत पुढे जाऊ शकतं, शोधातून येणारा प्रेक्षक हळूहळू साठतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या एकूण आकड्यावर निकाल देऊ नये. स्टुडिओत प्रेक्षक कुठून आले ते उघडून YouTube search ही ओळ पाहावी आणि तिच्याखालचे शब्द वाचावेत. तिथे ‘5000’ आणि ‘20 years’ दिसत असतील तर शीर्षक काम करतंय. नुसतं ‘sip’ दिसत असेल तर प्रश्न अजून ढोबळ राहिलाय. तेव्हा मुदत किंवा रक्कम आणखी पुढे आणावी. पीपीएफसारख्या विषयात वर्णनातल्या दरापुढे तिमाही लिहावी, आणि दर बदलला की ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करावी.