वही भरली, तरी अक्षर का सुधारत नाही?

पहिलीत गेलेल्या मुलांच्या घरी संध्याकाळचे एक दृश्य ठरलेले असते. अम्मी वहीच्या पहिल्या ओळीत ‘व’ काढून देते, “पानभर लिही” असे सांगते आणि स्वयंपाकाला लागते. अर्ध्या तासाने पान भरलेले असते. पण नीट पाहिले तर पहिल्या दोन ओळी बऱ्या असतात, मधल्या ओळींत ‘व’चे पोट उघडे पडलेले असते आणि शेवटच्या ओळीत ते अक्षर ‘व’ आहे की ‘०’ आणि काठी, हेच कळत नाही. पान संपता संपता सराव वाढला, मग अक्षर बिघडले कसे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या कामात सापडते. 1898 च्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी भुकेल्या मांजरांना पिंजऱ्यात ठेवले. बाहेर खाणे दिसे. आत दोरी, खटका किंवा कडी असे आणि ती हलली की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, उड्या मारी. त्या धडपडीत कधीतरी पंजा योग्य जागी पडे आणि सुटका होई. एका मांजराला पहिल्या वेळी 160 सेकंद लागले, पुढच्या वेळी 30, पण त्यानंतर पुन्हा 90 आणि 60. चोविसाव्या वेळेपर्यंत ते 7 सेकंदांवर आले. निरुपयोगी हालचाली गळत गेल्या, उपयोगी तेवढी टिकली. यालाच प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतात. त्या आकड्यांतला चढउतारही लक्षात ठेवा. काल सुंदर आलेले अक्षर आज वाकडे आले, तर मूल आळशी झाले असे नाही. शिकणे असेच मागेपुढे होत जाते.

यातूनच थॉर्नडाइक यांनी 1913 च्या सुमारास शिकण्याचे तीन नियम मांडले: तयारीचा, सरावाचा आणि परिणामाचा.

तयारीचा नियम सांगतो की मूल एखादी कृती करायला तयार असेल, तर ती करू देण्यात त्याला समाधान मिळते. तयार नसताना करायला लावले, तर त्रास होतो. आणि तयार असताना अडवले, तरी त्रासच होतो. खेळून दमलेल्या, भुकेल्या मुलाच्या हातात पेन्सिल देणे हा दुसरा प्रकार, तर स्वतःहून पाटी घेऊन बसलेल्याला “आता नको, पसारा होईल” म्हणणे हा तिसरा. या तयारीला हाताच्या तयारीचीही जोड लागते. गोल, फुली आणि चौकोन पाहून काढता येऊ लागले, की हाताला अक्षराची वळणे जमू लागतात. ते जमत नसेल, तर आधी पिठात, वाळूत बोटाने आणि पाटीवर खडूने मोठ्या रेघा काढू द्याव्यात.

सरावाचा नियम सर्वांच्या आवडीचा. पुन्हा पुन्हा केले की संबंध पक्का होतो, न केल्यास सुटतो. पण खुद्द थॉर्नडाइक यांनाच पुढे हा नियम अपुरा वाटला. त्यांनी डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या. सुमारे तीन हजार रेघा काढूनही, बरोबर की चूक हे कळत नसल्यामुळे काहीच सुधारणा झाली नाही. ते कळू लागले तेव्हा मात्र हात सुधारला. 1931 च्या ‘ह्यूमन लर्निंग’ या पुस्तकात त्यांनी हे मांडले आहे. नुसती पुनरावृत्ती शिकवत नाही, प्रत्येक प्रयत्नाचा निकाल कळावा लागतो.

आता आपले पान पुन्हा पाहू. पहिली ओळ लिहिताना मुलीसमोर अम्मीचा ‘व’ होता. पाचव्या ओळीला तिच्यासमोर तिचीच चौथी ओळ होती. पोट थोडे उघडे राहिले, कोणी सांगितले नाही, म्हणून पुढच्या ओळीत ते अजून उघडले. तिने चुकीचाच सराव केला.

मग काय करावे? दुरेघी वहीत ‘व’ काढून दाखवताना तोंडाने सांगावे: “काठी जिथे येणार तिथून निघायचे, डावीकडे वळायचे, खाली येऊन पुन्हा काठीला भिडायचे. मग काठी वरून खाली. शेवटी डोक्यावर रेघ, डावीकडून उजवीकडे.” मुलीने तीनच ‘व’ काढावेत आणि पेन्सिल ठेवावी. मग तिलाच विचारावे, “तिघांत सर्वांत चांगला कोणता? त्याला टिकली लाव. का चांगला?” ती म्हणेल, “याचे पोट बंद आहे.” मग त्या एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून पुढचे तीन. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नवा कित्ता काढून द्यावा. दहा मिनिटांत पंधरा-वीस अक्षरे पुरेत. ‘व’ बसला की त्याच वळणाचे ‘ब’ आणि ‘क’ घ्यावेत.

ही टिकली म्हणजेच परिणामाचा नियम. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती रुजते. आधी थॉर्नडाइक म्हणत की त्रासदायक परिणामाने कृती सुटते. नंतर त्यांनी हा अर्धा भाग बराच सौम्य केला, कारण “चूक” म्हटल्याने चुकीची कृती फारशी कमी होत नाही, असे त्यांना आढळले. पानभर लाल फुल्या मारल्याने पोट बंद होत नाही. उलट वही आणि रडणे यांची जोडी जमते आणि उद्याची तयारीच नाहीशी होते. शाबासकीही नेमकी आणि लगेच हवी. रात्री अब्बू आल्यावर “छान” म्हणाले, तर मुलीला कौतुक मिळते, पण कोणते वळण बरोबर होते ते कळत नाही.

या नियमात एक धोकाही आहे. तो चांगली-वाईट सवय ओळखत नाही, ज्यावर समाधान मिळाले ती रुजवतो. मुलाने काठी खालून वर ओढली आणि अक्षर तरी सुबक दिसले, तर शाबासकी त्या उलट्या हालचालीलाच मिळते. पुढे जलद लिहिताना हात तिथेच अडखळतो. म्हणून सुरुवातीला कागदापेक्षा हाताकडे पाहावे. पेन्सिलची पकड आणि रेघेची दिशा मुलाने धडपडून शोधावी अशी अपेक्षा ठेवू नये. ती आधी दाखवावी, प्रयत्न-प्रमाद फक्त आकार बसवण्यापुरता असावा.

आपल्या घरांत याला आणखी एक कंगोरा आहे. अनेक मुले एकाच वर्षी मराठी आणि उर्दू किंवा अरबी अक्षरे गिरवू लागतात. एकीकडे हात डावीकडून उजवीकडे जातो, दुसरीकडे उजवीकडून डावीकडे. डोक्यावरची रेघ उलटी ओढली, तर ती वहीत दिसत नाही, हाताकडे पाहिले तरच दिसते. सुरुवातीचे काही महिने दोन्ही लिप्यांच्या सरावाची वेळ वेगळी ठेवावी आणि निघण्याच्या जागी एक ठळक ठिपका द्यावा.

1910 मध्ये थॉर्नडाइक यांनी हस्ताक्षराचे नमुने चढत्या क्रमाने लावून मोजपट्टी केली होती. आपण घरी मुलाचीच मोजपट्टी करू शकतो. दर शुक्रवारी एक ओळ वेगळ्या कागदावर, तारीख घालून. पाच-सहा कागद शेजारी ठेवले की पोट बंद होऊ लागले की नाही, ते मुलालाही दिसते. दोन-तीन महिने असे करूनही फरक नसेल, हात लवकर दुखत असेल किंवा मूल वहीवर फार वाकत असेल, तर सराव वाढवू नका. आधी डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षकांशी बोला.