सोलरचं ॲप बंद, पण वीज चालू आहे का?

छतावर सोलर बसवलेल्या घरांत हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते: "ॲपमध्ये काहीच दिसत नाही, म्हणजे सोलर बंद पडलं." पण ॲपमधला आकडा इन्व्हर्टरमधून थेट आपल्या फोनवर येत नाही. इन्व्हर्टरला लावलेली छोटी काडी तो घरच्या वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते आणि तिथून तो आपल्यापर्यंत येतो. हा रस्ता कुठेही तुटला तरी ॲप गप्प बसतं. वीज मात्र बनत असू शकते.

खात्री करायला इंटरनेट लागत नाही, कारण ही काडी स्वतःचाही वायफाय सिग्नल सोडते. कंपनीप्रमाणे पद्धत बदलते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत दिसणाऱ्या एका प्रकारच्या काडीचं मी सांगतो.

भर दुपारी इन्व्हर्टरजवळ जा. रात्री जाऊन उपयोग नाही, कारण बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर पॅनेलच्याच विजेवर जागा असतो. फोनच्या वायफाय यादीत `AP_` आणि पुढे आकडे असं नाव दिसेल. ते आकडे म्हणजे काडीवर छापलेला तिचा क्रमांक. पासवर्ड बहुधा त्याच स्टिकरवर असतो. जोडल्यावर फोन "इंटरनेट नाही" अशी कुरकुर करेल, तरी जोडणी राहू द्या आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन परस्पर तिकडे वळतो. मग ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
http://10.10.100.254
```

नाव आणि पासवर्ड विचारलं तर दोन्हीकडे सहसा `admin` चालतं. आत इन्व्हर्टरच्या माहितीत तीन ओळी बघायच्या. `Current power` म्हणजे या घडीला किती वॅट, `Yield today` म्हणजे आजचे युनिट आणि `Total yield` म्हणजे बसवल्यापासूनचे एकूण युनिट. आकडे दर सेकंदाला हलत नाहीत, काही मिनिटांनी पान पुन्हा उघडावं लागतं.

मांजलपूरला मावशींकडे 540 वॅटची 6 पॅनेलं आहेत, म्हणजे 3,240 वॅट. दिवाळीआधी त्यांचं ॲप 10 दिवस बंद होतं. "अरे, एवढे दिवस फुकट गेले का रे? बिल वाढणार आता," म्हणून त्या काळजीत होत्या. दुपारी साडेबाराला वरच्या पद्धतीने बघितलं, तर `Current power` 2,310 निघाला. 3,240 का नाही? पाटीवरचा आकडा पॅनेलचं तापमान 25 अंश धरून दिलेला असतो. उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापतं आणि प्रत्येक जादा अंशाला साधारण 0.35 टक्के वीज कमी होते, म्हणजे 12 टक्के तिथेच गेले. शिवाय धूळ आणि तिरपं ऊन. तेव्हा हा आकडा ठीकच होता.

पण मागच्या 10 दिवसांचं काय? त्याचं उत्तर `Total yield` देतो, कारण ही बेरीज इन्व्हर्टर स्वतः ठेवतो. ॲप बंद पडलं त्या संध्याकाळचा त्यातला शेवटचा आकडा 4,812 होता. 10 दिवसांनी संध्याकाळी पानावर 4,944 दिसले. फरक 132, म्हणजे रोज सरासरी 13.2 युनिट. एकही दिवस वाया गेला नव्हता! घरात नवा राउटर आला होता आणि काडी जुन्याच वायफायचं नाव शोधत बसली होती. त्याच पानावरच्या `Wizard` मध्ये नवं नाव निवडून पासवर्ड दिला आणि ॲप सुरू झालं. या काड्यांना सहसा 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय दिसतं, 5 चं यादीत येत नाही.

आता उलट बाजू. लख्ख ऊन असताना `Current power` शून्य असेल, तर आधी घरात लाइट आहे का ते बघा. लाइट गेली की असा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून. लाइट असूनही शून्य असेल, तर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा फॉल्ट कोड आणि व्होल्टेज यांचा फोटो काढा. दुपारी लाइनचं व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढलं की तो बंद होतो आणि उतरलं की आपोआप चालू होतो. तसं रोज होत असेल तर पॅनेलं धुऊन काही होणार नाही, वीज कंपनीकडेच तक्रार करावी लागेल.

पान बघून झालं की `admin` हा पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा, कारण हा सिग्नल शेजारच्या गच्चीवरही पोचतो. आणि दर महिन्याच्या 1 तारखेला संध्याकाळी `Total yield` कॅलेंडरवर टिपा. ॲप बंद पडलं, तरी हिशोब आपल्याच भिंतीवर राहील.