‘कोसला’ : टिंगलीच्या खाली काय आहे?



मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या आमच्या वाचन गटात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ वाचायला घेतली होती. कल्याणहून येणारा एक मुलगा पन्नासेक पानं वाचून आला आणि म्हणाला, "सर, यात गोष्टच नाही. नुसती टिंगल आहे. मध्येच आत्मचरित्र, मध्येच डायरी, मध्येच इतिहासाची नक्कल. लेखकाला नक्की म्हणायचंय काय?"

प्रश्न रास्त आहे. ‘कोसला’ 1963 साली आली. उत्तर-आधुनिक हा शब्द तेव्हा मराठीत रुळलेला नव्हता आणि समीक्षकांनी तिला बहुतेक वेळा अस्तित्ववादी म्हटलं. पण आज उत्तर-आधुनिक कादंबरीची म्हणून जी लक्षणं आपण शिकतो, त्यांतली दोन इथे ठळक दिसतात. एक म्हणजे दुसऱ्या लेखनप्रकारांचा आवाज उसना घेणं आणि दुसरं म्हणजे गोष्ट तुकड्यांत सांगणं. माझं म्हणणं असं, की हा खेळ गंमत म्हणून मांडलेला नाही. पुढे जे गंभीर येतं, त्याची तयारी हा खेळच करतो.

कसं ते बघू. पांडुरंग सांगवीकर हा पंचविशीतला तरुण. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे पैसे उधळतो आणि काही न मिळवता गावी परततो. तो आत्मचरित्राच्या थाटात बोलतो. आता आपल्याकडचं रीतसर आत्मचरित्र आठवा. त्यात प्रत्येक प्रसंग कशाचं तरी उदाहरण असतो. गरिबीचा प्रसंग जिद्दीचं उदाहरण, गुरुजींचा प्रसंग संस्कारांचं. शेवट यशाचा असतो, म्हणून मागचं सगळं अर्थपूर्ण वाटतं. पांडुरंगही सारखा ‘उदाहरणार्थ’ म्हणतो, पण कशाचं उदाहरण ते सांगत नाही. आणि वाक्य ‘वगैरे’वर सोडून देतो. आपण हसतो. पण हसताहसता लक्षात येतं, की ज्याच्या आयुष्याला यशाचा शेवटच नाही, त्याने मागच्या दिवसांचा अर्थ लावायचा तरी कसा?

मग रोजनिशी येते. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचंही ठाऊक नसतं. म्हणून तिथे हॉस्टेल, परीक्षा, मित्र, कंटाळा सगळं सारख्याच वजनाने येतं. इतिहासाच्या नकलेत पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश पुढच्या काळातल्या इतिहासकारांचा आव आणतात. तिथेही टोमणा तोच आहे : नंतर येणारा माणूस आपल्या जगण्याचं नीटनेटकं स्पष्टीकरण देणार आणि आपण त्यात कुठेच नसणार.

आता मनीच्या मृत्यूकडे या. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते. तुमच्यापैकी अनेकांना हा रोग माहीत नसेल. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. कादंबरी आली तेव्हा मात्र घराघरात ही भीती होती. या मृत्यूला काय म्हणणार? कशाचं उदाहरण? कुठला इतिहासकार त्याची नोंद घेणार? इतका वेळ ज्या चौकटींची थट्टा चालली होती, त्यांतली एकही मनीला पुरत नाही. इथे नक्कल थांबते. उरतो तो घरच्यांवरचा राग आणि मनीची नुसती आठवण.

हे पान सरळ रडव्या भाषेत आलं असतं, तर आपण ते ठरावीक दुःख म्हणून वाचलं असतं. आधीच्या टिंगलीने ठरावीक भाषेवरचा आपला विश्वास काढून घेतलेला असतो, म्हणून ते लागतं.

अर्थात, प्रत्येक थट्टेखाली खोल अर्थ शोधू नका. हॉस्टेलमधल्या काही गमती निव्वळ गमतीच आहेत आणि काही ठिकाणी त्या लांबल्याही आहेत. फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे. तो तुकडा मनातल्या मनात काढून टाका आणि मनीचं प्रकरण पुन्हा वाचा. दुःख जरा सोपं, जरा ओळखीचं झालं का? झालं, तर तो तुकडा गंभीर होता. काहीच बदललं नाही, तर ती नुसती गंमत.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "मनीपर्यंत वाच, मग परत पहिल्या पानावर ये." कोसला म्हणजे कोश, किड्याने स्वतःभोवती विणलेला. पांडुरंगचा कोश थट्टेचा आहे. आत कोण बसलंय, ते दुसऱ्या वाचनात दिसतं.