चिकन डिनरने इंग्रजी येत नाही

‘गेम खेळून इंग्रजी सुधारतं’ हे वाक्य घरच्यांना गप्प करायला बरं आहे. पण कुठला गेम, हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर बीजीएमआय किंवा फ्री फायर असं येतं. तिथेच हा दावा कोसळतो.

कसोटी सोपी आहे. गेमची भाषा बदलून तुम्हाला अजिबात न येणारी भाषा लावा. तरीही जिंकता येत असेल, तर तो गेम तुम्हाला भाषा शिकवत नव्हता. बॅटल रॉयल या कसोटीत साफ नापास होतो. नकाशा, रंग, आवाज आणि बोटांची सवय एवढ्यावर तिथे भागतं. ‘एनिमी’, ‘कव्हर’, ‘रिव्हाइव्ह’ हे सुटे शब्द कानावर पडतात, पण त्यांची वाक्यं होत नाहीत. व्हॉइस चॅटवर इंग्रजी बोलणारे दोस्त मिळाले तर सराव होईलही, पण तो दोस्तांमुळे होईल.

खरा उपयोग होतो तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या गेमचा, म्हणजे शोधकथांचा आणि व्हिज्युअल नॉव्हेलचा. ‘एस अटर्नी’ फोनवर मिळतो. त्यात तुम्ही वकील असता. साक्षीदाराची जबानी एकेक वाक्य करून समोर येते, आणि तुम्ही टॅप करेपर्यंत वाक्य हलत नाही. त्यातलं खोटं वाक्य शोधून त्यावर योग्य पुरावा दाखवायचा असतो. चुकलात तर दंड बसतो.

पहिलाच खटला घ्या. साक्षीदार म्हणतो, मृतदेह दिसला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान झाला. पकडल्यावर तो सारवासारव करतो: वेळ टीव्हीवर ऐकली, कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेला असावा. पण तेव्हा इमारतीत वीजच नव्हती. इथे ‘पाहिली’ की ‘ऐकली’, ‘आधी’ की ‘नंतर’ यांवर निकाल ठरतो. क्रियापद आणि काळ नीट वाचावेच लागतात.

यातही पळवाट आहे. यूट्यूबवर उत्तरं बघितली किंवा एकामागून एक पुरावे फेकत बसलात, तर हाही बॅटल रॉयलच झाला. म्हणून आधी डिक्शनरीविना पूर्ण जबानी वाचा. मग ज्या शब्दावर विसंगती अडली आहे, तेवढाच शब्द शोधा. पुरावा दाखवण्याआधी ‘हा खोटं का बोलतोय’ हे इंग्रजीत एका वाक्यात मोठ्याने सांगा. वाक्य जुळलं नाही, तर तुम्ही अंदाज मारताय.

मर्यादाही आहे. त्यात बोललेलं इंग्रजी जवळपास नाही, त्यामुळे उच्चार त्यातून येणार नाहीत. कोर्टातले काही शब्द रोजच्या कामाचेही नाहीत. पण तासाभरात शेकडो वाक्यं समजून घ्यायला लावणारा गेम आणि दहा शब्द ओरडायला लावणारा गेम एकाच पंगतीत बसवू नका. चिकन डिनर मजेसाठी खा. त्याला अभ्यास म्हणू नका.