समुद्र पोटात घालतो म्हणणाऱ्यांस

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले, तर आदल्या संध्याकाळी वाहिलेल्या नारळांपैकी दोन-चार तरी वाळूवर परत येऊन पडलेले दिसतात. पोरे ते उचलतात, फोडतात आणि प्रसाद म्हणून खातात. समुद्राने दान नाकारले असे त्यांच्या मनातही येत नाही, आणि येऊही नये. पण या परत आलेल्या नारळाने गावातल्या थोरामोठ्यांना जे शिकवायला हवे होते, ते अद्याप शिकवलेले दिसत नाही.

यंदा गणपतीनंतर किनारा साफ करण्याचे काम निघाले. मी पाहायला गेलो, तो माणसे पिशव्यांचे आणि बाटल्यांचे ढीग ओढत पाण्याच्या कडेला नेऊन लावीत होती. मी हरकत घेतली. देखरेखीवरचा गृहस्थ हसून म्हणाला, "मास्तर, समुद्राचं पोट मोठं आहे. ओहोटी लागली की सगळं घेऊन जाईल." शेजारी उभे असलेले एक सद्गृहस्थ वर्तमानपत्र नेमाने वाचणारे. त्यांनी पुस्ती जोडली, "आणि जातं कुठं, ठाऊक आहे ना? प्रशांत महासागरात. तिथं प्लास्टिकचं बेटच झालंय. एक दिवस जहाजं नेऊन एकदम उचलता येईल."

पहिल्याचे अज्ञान मी समजू शकतो. दुसऱ्याचे ज्ञान मात्र मला अधिक घातक वाटते, म्हणून आधी त्याचा समाचार घेतो.

बेट नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जहाजे आणि विमान यांच्या मदतीने तिथल्या प्लास्टिकचा अंदाज बांधला गेला. सोळा लाख चौरस किलोमीटर पाण्यावर सुमारे 79 हजार टन प्लास्टिक, असा तो अंदाज. आकडा ऐकून छाती दडपते. पण वर्गात फळ्यावर करतो तसा भागाकार करून पाहा. एकरी जेमतेम दोनशे ग्रॅम पडतात, म्हणजे गुंठ्याला पाच ग्रॅम, एका बाटलीच्या दोन-तीन झाकणांइतके. वजनाने जवळजवळ निम्मी तर तुटकी मासेमारीची जाळी आहेत, आणि तुकड्यांच्या संख्येने पाहिले तर बहुतेक माल तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहूनही बारीक. ज्याला हे "एकदम उचलता येईल" असे वाटते, त्याने आपल्या शेतात मूठभर कणी उधळून ती गोळा करून पाहावी.

मग ते तिथेच का साठते? आपण त्याला भोवरा म्हणतो, आणि घोटाळा या शब्दातच आहे. पुराच्या पाण्यातल्या भोवऱ्याला मध्ये खड्डा असतो आणि तो वस्तू खाली ओढतो. महासागरातल्या या प्रचंड प्रवाहचक्राच्या मध्यभागी उलट पाण्याचा उंचवटा असतो, सुमारे मीटरभर. हजारो किलोमीटरांत पसरलेला असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही इतकेच. कोणी कपातला चहा ढवळून मधोमध गोळा झालेली पूड दाखवतात, तेही इथे लागू नाही. पूड कपाच्या बुडाशी पाणी अडखळते म्हणून गोळा होते. समुद्रातले कारण निराळे आहे.

ते कारण पहिल्याने लक्षात आले बर्फात. नॉर्वेचा नान्सेन 1893 ते 1896 या काळात आपले 'फ्राम' जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून घेऊन वाहत गेला. त्याने पाहिले की, बर्फ वाऱ्याच्या रोखाने सरळ जात नाही. तो वीस ते चाळीस अंश उजवीकडे सरकतो. 1905 साली एकमान या स्वीडिश पंडिताने त्याचे गणित मांडले. पृथ्वी फिरते, म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकूण पाहता वाऱ्याच्या उजव्या हाताला जातो. दक्षिण गोलार्धात तो डावीकडे जातो.

आता प्रशांत महासागराचा उत्तर भाग डोळ्यांपुढे आणा. त्याच्या दक्षिण अंगाला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात. त्यांचा उजवा हात उत्तरेला, म्हणजे पाणी मध्याकडे. उत्तर अंगाला वारे पूर्वेकडे वाहतात. त्यांचा उजवा हात दक्षिणेला, म्हणजे पाणी पुन्हा मध्याकडेच. दोन्हीकडून ढकललेले पाणी मध्ये चढते आणि सावकाश खाली मुरत जाते. तरंगणाऱ्या वस्तूला मात्र पाण्याबरोबर खाली जाता येत नाही. ती वरच राहते. शिवाय मध्यभागी वाराही पडलेला असतो, पूर्वीची शिडाची जहाजे तिथे दिवसचे दिवस खोळंबत. पाहुणा आला, पण परतीची गाडी नाही, अशी ही अवस्था आहे.

आणि आता आमचा अरबी समुद्र. असे चक्र बांधायला व्यापारी वारे हवेत, त्यांच्या पलीकडे उलट दिशेचे वारे हवेत आणि दोहोंना पुरेल एवढे पाणी हवे. आमच्याकडे सुमारे पंचवीस अंशांवरच पाणी संपते, पुढे जमीन. वारेही एका दिशेने टिकत नाहीत. पावसाळ्यात ते समुद्राकडून येतात, हिवाळ्यात जमिनीकडून. किनाऱ्यालगतचा प्रवाहसुद्धा पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जातो. हिंदी महासागराचे खरे चक्र विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये आहे, आणि तेही गळके आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2020 साली संगणकावर कचऱ्याचे प्रवास काढून पाहिले. उत्तरेकडच्या आमच्या भागात बहुतेक माल काही वर्षांतच कोणत्या ना कोणत्या किनाऱ्याला लागतो, असे त्यात निघाले. हे गणित आहे, मोजणी नव्हे. किनाऱ्याला आलेली वस्तू तिथे अडकण्याचा संभव किती धरायचा, यावर त्याचे उत्तर बदलते. पण आमच्या समुद्राला कचरा ठेवायला मधले शांत अंगण नाही, ही गोष्ट त्या गणिताआधीही खरीच होती.

कोणी चतुर वाचक विचारील, "मास्तर, मग पावसाळ्यातला वारासुद्धा पाणी उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला नेईल. किनाऱ्यावर कसे आणील?" प्रश्न रास्त आहे. पण ते वळण खोल पाण्यात पुरते येते. आमच्या उथळ पाण्यात तळाचे घर्षण ते फार कमी करते. त्यात टोपण लावलेली रिकामी बाटली पाण्याबाहेर डोके काढून असते. तिला वारा थेट ढकलतो आणि लाटा वाळूकडे सरकवीत नेतात. नारळाचेही तेच होते.

पुरावा हवा असेल, तर जुलैच्या मोठ्या भरतीनंतर सुरूच्या झाडांखाली लागलेली काळी रेघ पाहा. तिथल्या पाण्याच्या बाटल्यांना बहुधा टोपण असते. बिनटोपणाची बाटली पाणी भरून बुडते, तिचे प्लास्टिकच पाण्याहून जड. सुटी टोपणे मात्र तरंगतात, म्हणून तीही ढिगाने दिसतात. मग वस्तू उलटून पाहा. जी खुल्या समुद्रात महिना-दोन महिने राहिली, तिच्यावर देठाने चिकटलेल्या इवल्या शंखांचे झुपके असतात. मी दोन पावसाळे हे पाहतो आहे. असे झुपके क्वचितच दिसले. बहुतेक पुड्या स्वच्छ, वरची अक्षरे वाचता येण्याजोगी. त्या प्रशांत महासागरातून आलेल्या नाहीत. वैतरणेच्या नाहीतर वसईच्या खाडीतून, किंवा आमच्याच नाल्यांतून निघाल्या आणि चार भरत्यांत परत आल्या.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पाण्याच्या कडेला लावलेला ढीग म्हणजे सफाई नव्हे, त्या कामाचे पैसे देऊ नयेत. आणि नाल्यांच्या तोंडाशी मे महिन्यातच जाळी बसवावी, कारण वर्षभराचा साठा जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर सुटतो. जाळी तुंबली तर पाणी घरांत शिरेल, हा आक्षेप मी उडवून लावीत नाही. आमच्या तालुक्यात पाणी तुंबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून जाळीवर रोज माणूस हवा आणि पुराच्या दिवशी ती वर उचलता आली पाहिजे. खर्च त्या माणसाचा आहे, जाळीचा नव्हे, आणि नेमका तोच मंजूर होत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वारा फिरू लागलेला असेल. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे गार झुळूक सुटेल. फटाक्यांची वेष्टने आणि मिठाईचे प्लास्टिकचे डबे नाल्यातून निघून ओहोटीबरोबर अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे डौलाने जाताना दिसतील. आमचे सद्गृहस्थ बंधाऱ्यावर उभे राहून म्हणतील, "पाहा मास्तर, गेलं की नाही?" मी त्यांना जूनमध्ये त्याच जागी भेटायचे ठरवले आहे.