निम्म्या फरकाला चौपट माणसे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतील आम्ही चौदा जनरल प्रॅक्टिशनर महिन्यातून एकदा जमतो. चहा होतो, तक्रारी होतात, कधी एखादा नवा विचारही निघतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक निघाला. रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात. बरे वाटले की बंद, पगार लांबला की बंद. तेव्हा दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातून फोन करून आठवण दिली तर काही उपयोग होतो का, हे नीट पाहायचे ठरले. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना फोन करायचा, निम्म्यांना नेहमीसारखेच ठेवायचे आणि सहा महिन्यांनी कोणाचा दाब १४०/९० च्या खाली आहे ते मोजायचे. आमच्या वह्यांनुसार सध्या शंभरातील चाळीस रुग्णांचाच दाब आटोक्यात असतो. फोनमुळे ते साठ होतील असे मी धरले आणि दोन्ही गटांत शंभर-शंभर रुग्ण घेऊ असा कागद तयार केला.

कागद पाठवला तो अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या, माझ्याच दवाखान्यात लहानपणी इंजेक्शनला घाबरून रडणाऱ्या एका मुलीला. आता ती संख्याशास्त्रज्ञ आहे, वैद्यकीय चाचण्यांचे आकडे हाच तिचा व्यवसाय. तिचे ई-मेल आले. सुरुवातच अशी : "डॉक्टरकाका, शंभराचा आकडा बरोबर आहे. पण वीस टक्के फरक कुठून आणलात?"

प्रश्न बोचला, पण खरा होता. मी वही घेऊन बसलो. शंभरात साठ जणांचा दाब आटोक्यात नाही. त्यांतील बरेच जण गोळ्या घेतात, पण डोस अपुरा आहे. त्याला फोन काय करणार? काहींना परवडत नाही. काही मिठाचे पथ्य पाळत नाहीत. निव्वळ विसरणारे निघाले फार तर दहा. फोनने त्यांतील निम्मे सुधारले, तर शंभरात पाच. म्हणजे चाळीसचे साठ नव्हे, पंचेचाळीस होतील.

हे कळवल्यावर तिचे दुसरे ई-मेल आले, त्यात खरी शिकवण होती. तिने नाण्याचे उदाहरण घेतले होते. नाणे शंभर वेळा उडवले तर पन्नास छापे यावेत, पण चाळीस ते साठ यांच्या दरम्यान काहीही आले तरी कोणी नाण्यावर संशय घेत नाही. चारशे वेळा उडवले तर हा हेलकावा दोनशेच्या मागेपुढे वीस, म्हणजे शेकडा पाच. सोळाशे वेळा उडवले तर शेकडा अडीच. नशिबाचा हेलकावा निम्मा करायचा तर नाणी दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात.

रुग्णांचेही तसेच. शंभर-शंभराचे दोन गट घेतले, तर फोनचा काडीचाही उपयोग नसताना केवळ योगायोगाने दोन गटांत शेकडा चौदापर्यंत तफावत पडू शकते. खरा फरक वीसचा असेल तर तो या गोंगाटातून बहुधा ऐकू येतो. पाचचा असेल तर बुडून जातो. तिने एक सोपा हिशेब दिला, तो निम्म्याच्या आसपासच्या प्रमाणांना चालतो : ४ या आकड्याला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा, म्हणजे एका गटात किती माणसे हवीत ते मिळते. फरक ०.२० असेल तर १००. ०.१० असेल तर ४००. ०.०५ असेल तर १६००. शिवाय पाचातला एक जण घर बदलतो, गावी जातो किंवा डॉक्टर बदलतो, म्हणून एका गटात दोन हजार धरा. एवढी माणसे घेऊनही खरा फरक सापडण्याची शक्यता शेकडा ऐंशीच.

मी हट्टाने विचारले, शंभर-शंभरावर करून तर पाहू, नुकसान काय? उत्तर असे : "खरा फरक पाचचा असेल तर अशा दहा चाचण्यांपैकी नऊ म्हणतील की फोनचा उपयोग सिद्ध झाला नाही, आणि तुम्ही फोन बंद कराल. जी एक चाचणी उपयोग आहे म्हणेल तिला चौदाच्या वरचा फरक दिसलेला असेल, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. तीच पेपरात छापून येईल." वाचकहो, ऐंशी रुग्णांवर प्रयोग करून गुण आल्याच्या जाहिराती आपण पाहतो, त्या पाहताना हे वाक्य मला हटकून आठवते.

एवढी माणसे खरोखर लागतात का, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली आणि पातळ अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरातले आम्ल, लावून गर्भाशयमुख पाहिले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले. फरक मोठा, निकाल स्पष्ट.

स्तनाच्या कर्करोगाचा निकाल वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली प्रसिद्ध झाला. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला तपासणी गटात सुमारे २१ मृत्यू, दुसऱ्या गटात सुमारे २५. घट शेकडा १५. पण दीड लाख स्त्रिया आणि वीस वर्षे घेऊनही ही घट योगायोगाची नव्हे असे छातीठोक सांगता आले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया मात्र संख्येने कमी असूनही त्यांच्यात निकाल स्पष्ट निघाला, कारण तिथे फरक २५ विरुद्ध ३५ असा होता. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तो जेमतेम होता, म्हणून धुसर राहिला. (याचा अर्थ तरुण वयात गाठ लागली तर थांबावे असा कोणी घेऊ नये. गाठ लागली की त्याच आठवड्यात दाखवावे.)

माझे मत विचाराल तर खोट इथेच होते. रुग्ण किती मिळतील हे आधी ठरते आणि त्याला शोभेल एवढा फरक मागाहून कागदावर लिहिला जातो. मीही तेच केले होते. विचारायला हवे ते हे, की किती लहान फरक मिळाला तरी आपण फोनचा खर्च आणि वेळ सोसू? उलटेही खरे. लाखभर माणसे घेतली तर कोणाच्याही उपयोगाचा नसलेला फरकही सिद्ध होतो.

चार हजार रुग्ण आमच्या आवाक्यात नाहीत. चौदा दवाखान्यांत मिळून असे हजारभर निघतील. मार्ग तिनेच सुचवला. पास-नापास मोजण्याऐवजी गुण मोजा, म्हणाली. १४२ आणि १८० या दोघांनाही "आटोक्यात नाही" म्हटले की हाती आलेली माहिती आपणच फेकून देतो. त्यापेक्षा वरच्या दाबाची सरासरी पाहा. रुग्णारुग्णांतील चढउतार १५ अंकांचा धरला आणि ३ अंकांची घट शोधायची ठरवली, तर एका गटात ४०० पुरतात. दोन्ही मिळून ८००, गळती धरून हजार. फक्त चौदाही दवाखान्यांत एकाच जातीचे यंत्र हवे, रुग्णाला पाच मिनिटे बसवून मगच दाब घ्यायचा आणि चिठ्ठ्या रुग्णागणिक टाकायच्या, दवाखान्यागणिक नव्हे. यंत्रांच्या खर्चावर पुढच्या बैठकीत भांडण होणार हे दिसतेच आहे.